फोटोत भरलेलं अंग

अक्काचा कुत्रा आधी आजारी होता आणि नंतर उपाशी होता. आजार त्याचा त्याला झाला होता. उपास मी लावला होता. हे वाक्य इतकं सरळ लिहायला मला वीसेक वर्षं लागली. नोकरीतून निवृत्त व्हायला आता फार दिवस उरले नाहीत, आणि या गोष्टीपुरतं तरी गुळमुळीत बोलायचं नाही असं ठरवलं आहे.

मी जनावरांचा डॉक्टर. नोकरी सरकारी, बहुतेक सगळी जळगावात आणि आसपासच्या तालुक्यांत गेली. त्या काळी आमच्याकडे यायच्या त्या म्हशी, बैल, शेळ्या. कुत्रा आलाच तर चावलेल्या माणसाच्या चौकशीपुरता, नाहीतर दीपनगरच्या कॉलनीतल्या एखाद्या साहेबाचा अल्सेशियन लस टोचायला. घरात पाळलेला, सोफ्यावर झोपणारा, झुबकेदार केसांचा पॉमेरियन हा प्रकार मी कॉलेजात शिकलो होतो तेवढाच. पण हे मी कुणाला सांगत नसे. अक्काच्या सासरी तर मुळीच नाही.

अक्का धुळ्याला दिलेली. दाजी बँकेत. मूलबाळ झालं नाही. घरात दाजींची आई, म्हणजे अक्काच्या सासूबाई. त्या शिरपूरकडच्या खेड्यातल्या, बोलणं अहिराणी आणि तिखट. मला त्या तोंडावर "डॉक्टर" म्हणायच्या आणि पाठ वळली की "ढोरस्ना डॉक्टर". दाजीही चेष्टेत म्हणायचे, "आमच्या मेव्हण्यांना नाडी दाखवायची तर आधी शिंगं उगवायला हवीत." सगळे हसत, मीही हसे. ते आत कुठेतरी साचत होतं.

दाजींच्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याने आपलं कुत्रं अक्काकडे सोडलं. तिने ते आनंदाने घेतलं. सासूबाई सोवळ्याच्या कडक, त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच त्याला मुभा दिली, आणि नंतर स्वतःच उंबऱ्याशी बसून त्याला पोळीचे तुकडे टाकू लागल्या. अक्का त्याला मांडीवर घेऊन रेडिओ ऐकायची. त्या घरात तिच्याजवळ स्वतःहून येऊन बसणारं तेवढंच एक होतं. दुसरं काही नाही.

आमचं गाव असोदा. हिवाळ्यात आमच्या मळ्यात भरताचा बेत असतो. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, बडजीत, म्हणजे लाकडी काठवटीत ठेचायची, सगळे नातलग बोलवायचे, केळीच्या पानावर भरीत-पुरी. त्या वर्षी अक्का आणि दाजी आले. कुत्रं आणता आलं नाही. एसटीचा कंडक्टर कुत्र्याला गाडीत घेत नाही. म्हणून अक्काने त्याचा फोटो आणला होता, पर्समध्ये, एका पाकिटात.

जेवणं झाल्यावर तिने मला बाजूला बोलावलं. बाजूला म्हणजे बांधाजवळ, पण तिथेही आमचे दोन काका सुपारी कातरत बसले होते आणि दाजी दात कोरत उभे होते.

"हे बघ ना," ती म्हणाली. "याचं पोट फार मोठं दिसायला लागलंय."

मी फोटो घेतला. घराच्या पडवीत, लाल सतरंजीवर, कुत्रं समोर तोंड करून बसलेलं. फ्लॅश पडून छातीचे केस पांढरेशुभ्र चमकत होते. मान दिसत नव्हती, कंबर दिसत नव्हती. केसांचा गोळा, त्यातून दोन डोळे, आणि खाली दोन्ही बाजूंना बाहेर आलेलं पोट.

एका काकांनी फोटो हातातून ओढून घेतला. "अरे भो, हे कुत्रं हाये का बोकड? दिवाळीलेच कापाले पाहिजे होतं!"

दुसरे म्हणाले, "धुळ्याचं दूधतूप अंगी लागलं म्हना की."

दाजी मला म्हणाले, "सांगा डॉक्टर. का शिंगं नाहीत म्हणून तपासता येत नाही?"

सगळे हसले. माझी कानशिलं तापली. बैलाच्या बाजारात मी कसा उभा राहायचो हे त्या काकांनी पाहिलं होतं. जनावराच्या मागे चार पावलांवर उभं राहायचं, बरगड्या किती मोजता येतात, माकडहाडापाशी खळगा किती, पुठ्ठा भरलेला की बसलेला, हे नुसत्या नजरेने सांगायचं. त्यात माझं नाव होतं. बैलाचे केस आखूड असतात, कातडी अंगाला चिकटून असते, म्हणून ती नजर तिथे खोटी ठरत नाही. तीच नजर मी त्या फोटोवर लावली. केसांच्या झुबक्यावर. बसलेल्या, समोरून काढलेल्या, एका जनावराच्या फोटोवर.

"लठ्ठ झालाय," मी मोठ्याने म्हणालो. "दुसरं काही नाही. माणसाला होतं तसंच. खाणं निम्मं करा. दूध बंद, अंडं बंद, पोळीला तूप नको. रोज फिरवा."

अक्का हळूच म्हणाली, "पण पाठीवरून हात फिरवला ना, की हाडं लागतात रे."

त्या वाक्याशी मी थांबायला हवं होतं. चरबी चढलेल्या कुत्र्याची पाठ हाताला लागत नाही, बरगड्या बोटांनी दाबून शोधाव्या लागतात. केस दाट असले तर डोळा फसतो, हात फसत नाही. पोट मोठं आणि पाठीला हाडं, ही दोन एकत्र आली की ते लठ्ठपण नसतं. पोटात पाणी असतं, किंवा गाठ, किंवा जंत, किंवा मादी असली तर गाभ. हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं.

मी म्हणालो, "अगं, केसांतून तसंच लागतं. तू काय डॉक्टर आहेस?"

काका हसले. अक्काने फोटो परत घेतला, पाकिटात ठेवला.

आणखी एक गोष्ट मी विचारली नाही, ती म्हणजे फोटो कधीचा. दाजींचा रोल छत्तीसचा होता. दिवाळीला तीन-चार फोटो काढले आणि उरलेला रोल कॅमेऱ्यातच पडून राहिला, पुढे कुणाच्या तरी साखरपुड्यात संपला, मग धुवायला गेला. कोण एका कुत्र्यासाठी अर्धा रोल धुऊन आणणार? म्हणजे मी भोगीच्या सुमाराला पाहत होतो ते दिवाळीतलं कुत्रं होतं. मधल्या दिवसांत त्याच्या अंगाचं काय झालं ते अक्काच्या हाताला माहीत होतं, आणि ते तिने मला सांगितलंही होतं.

ती धुळ्याला गेली आणि मी सांगितलं तसं काटेकोर वागली. अक्काचा स्वभावच तसा. डॉक्टरने सांगितलं आणि तो डॉक्टर आपला भाऊ. एका वाटीवर तिने खूण केली होती, त्या खुणेच्या वर अन्न जायचं नाही. कुत्रं उंबऱ्याशी बसून सासूबाईंकडे बघायचं, आणि अक्का त्यांना हात जोडून म्हणायची, "आई, नका देऊ. त्याच्याच भल्याचं आहे."

"बठ्ठं घर जेवस अन् मुकं जनावर भूक्यं रहास," सासूबाई म्हणायच्या. अख्खं घर जेवतं आणि मुकं जनावर उपाशी राहतं. हे मला अक्कानेच नंतर सांगितलं.

काही आठवड्यांनी तिचा दवाखान्यात फोन आला, एसटीडी बूथवरून. मागे रस्त्याचा गोंगाट. म्हणाली, "पोट कमी होत नाहीये. आणि चालताना धापा टाकतो. थोडं गेला की बसतो."

"एवढं वजन घेऊन चालणार कसा? हळूहळू कमी होईल."

"वजन पण केलं मी."

"कसं?"

ती हसली. फार दिवसांनी तिला हसताना ऐकलं. "स्टँडवरच्या मशीनवर. ते नाणं टाकल्यावर दिवे लागतात ना, त्याच्यावर. आधी त्याला कडेवर घेऊन उभी राहिले, मग यांच्याकडे देऊन एकटी. लोक जमले बघायला. मग गेल्या आठवड्यात परत केलं. काही फरकच नाही रे. तेवढंच आहे. निम्म्या खाण्यावर तेवढंच वजन कसं राहील?"

तिने किती शहाणपणाने विचारलं होतं ते आज कळतं. निम्म्या खाण्यावर वजन तेवढंच राहतं, कारण मांस झिजत असतं आणि पोटात पाणी भरत असतं. एक पारडं उतरतं तेवढंच दुसरं चढतं. काट्याला मांस आणि पाणी यातला फरक कळत नाही, काटा फक्त बेरीज सांगतो.

मी म्हणालो, "तुमच्या घरात कुणीतरी चोरून खायला घालतंय. सासूबाईंवर लक्ष ठेव."

तिने ठेवलं. त्यावरून त्या घरात भांडण झालं. सासूबाईंनी देवावर हात ठेवून सांगितलं की मी एक तुकडाही टाकला नाही, आणि दाजी अक्कावर ओरडले की कुत्र्यापायी माझ्या आईला चोर ठरवतेस. हे सगळं एका फोनवर, खुर्चीत बसून, मी घडवलं. जळगावहून धुळं काय लांब? सकाळच्या गाडीने गेलो असतो तर दुपारी परत आलो असतो. मी गेलो नाही. कामं होती असं म्हणतो, पण कामं नेहमीच असतात. खरं कारण हे की लठ्ठ कुत्र्यासाठी रजा टाकून गेलो असं कुणी म्हणू नये असं मला वाटत होतं.

होळीनंतर धुळ्याला आमच्या खात्याची बैठक लागली, तेव्हा गेलो. बैठक उरकून उन्हात अक्काच्या घरी पोचलो. कुत्रं पडवीत त्याच लाल सतरंजीवर होतं. मला बघून उठलं, शेपूट हलवली आणि परत बसलं. लांबून बघाल तर फोटोतलंच. तसेच केस, तसंच भरलेलं.

मी खाली बसून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

केस बाजूला होऊन हात थेट हाडांवर गेला. मणका करवतीसारखा, एकेक मणी वेगळा. पुठ्ठ्याची दोन टोकं वर आलेली, मधे खड्डा. डोक्यावर कानशिलापाशी मांस नाहीच, तिथे बोट बसत होतं. आणि या सांगाड्याखाली ताणलेलं, जड, लोंबतं पोट. एका बाजूला तळहात ठेवून दुसऱ्या बाजूला बोटाने टिचकी मारली. लाट हातावर येऊन आपटली. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. पांढुरक्या. श्वास उथळ, कारण आतलं पाणी फुप्फुसांना जागाच देत नव्हतं.

अक्का वाकून उभी होती. "काय रे?"

"पोटात पाणी आहे," मी म्हणालो.

सुई टाकून मी सावकाश पाणी काढलं. पिवळसर, पातळ, एक पातेलं भरत आलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. पोट बसलं तसं ते कुत्रं आमच्यासमोर बदलत गेलं. सुईसाठी पोटावरचे आणि कुशीवरचे केस कापले होते. तिथे बरगड्या उघड्या दिसल्या. आतापर्यंत त्याला गोल ठेवणारं ते पाणीच होतं. ते गेल्यावर जे उरलं ते हडकलेलं, उपासमार झालेलं जनावर होतं. कोणीही सांगितलं असतं. त्यासाठी बैलबाजारातली नजरही लागली नसती.

सासूबाई पुढे आल्या. "डॉक्टर, तुम्हीनच सांगेल व्हतं ना, कमी खावाले देवानं?"

दाजी बँकेतून तेवढ्यात आले होते, बूट काढत होते, तेही थांबले. अक्का माझ्याकडे बघत होती. तिला खात्री होती मी हो म्हणेन.

मी म्हणालो, "कमी सांगितलं होतं. इतकं कमी नव्हतं सांगितलं."

हे मी म्हणालो. सुई अजून माझ्या हातात होती.

 अक्काकडे ती खुणेची वाटी होती, ती आत जाऊन आणू शकली असती. तिने आणली नाही. भाऊ आहे, सासरच्या माणसांसमोर भावाला मान खाली कशी घालायला लावायची, एवढाच हिशेब तिने त्या क्षणी केला असणार. ती पातेलं उचलून मोरीत ओतायला गेली.

सासूबाई म्हणाल्या, "मी म्हनी राहिंतू ना. भूक्या मारी टाकं इनी त्याले." मी म्हणतच होते, हिने उपाशी मारलं त्याला.

दाजी मान हलवून आत गेले.

लघवीचं औषध लिहून दिलं, अंडं, दूध, पनीर सगळं सुरू करायला सांगितलं, मीठ टाळायला सांगितलं. निघताना दाराशी अक्का एकटी असताना मी तिला म्हणालो, "यकृताचं किंवा हृदयाचं असेल, दोन्हीत शेवट तोच." तेवढ्याने माझी सुटका होईल असं मला वाटलं. ती म्हणाली, "गाडी चुकेल तुझी."

काही दिवसांतच ते गेलं. नेमका आजार कोणता ते मला आजही सांगता येत नाही. कापून पाहिलं नाही, आणि तेव्हा धुळ्यात कुत्र्याचं रक्त तपासायची सोयही नव्हती. वेळेवर हात लावला असता तर जगलं असतं असं मी म्हणणार नाही. कदाचित तेवढंच जगलं असतं. पण शेवटचे दोन-अडीच महिने जेवून जगलं असतं. ज्या आजारात मांस झिजतं त्या आजारात मी त्याची अंडी आणि दूध काढून घेतलं, आणि ते वाटीकडे बघत राहिलं.

त्यानंतर त्या घरात अक्काचं नाव वाईट झालं. पाहुण्यांसमोर सासूबाई सांगायच्या, सुनेच्या हाताला माया नाही, कुत्रंसुद्धा जगलं नाही. मूल नसलेल्या बाईला हे वाक्य कसं लागत असेल ते मी लिहीत नाही. मी दिवाळीला, राखीला जायचो. माझ्यासमोरही त्या म्हणायच्या. मी चहा प्यायचो.

पुढे आमच्याकडेही दिवस बदलले, शहरात कुत्री वाढली, लोक फोटो घेऊन येऊ लागले. डॉक्टर, बघा बरं, जाड वाटतो का? मी फोटो बघतो. आखूड केसांचं कुत्रं असेल, वरून आणि बाजूने काढलेला फोटो असेल, तर थोडंफार सांगता येतं. कंबर आहे की नाही, पोट मागे वर जातं की नाही, बरगड्या दिसतात का. त्यातही नुसत्या बरगड्या दिसल्या म्हणजे आजारी असं नाही, शिकारी जातीचं निरोगी कुत्रंही तसं दिसतं. लांब केसांचं असेल तर मी फोटो उलटा टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, जनावर आणा. नाहीच आणता येत, तर घरी जाऊन पाठीवर, बरगड्यांवर हात ठेवा आणि काय लागलं ते सांगा. फोटो कधीचा हे मी आधी विचारतो. लोकांना वाटतं मी फार काटेकोर आहे. एकजण आपल्या बायकोला म्हणाला, हे जुने डॉक्टर बरे, उगाच काही सांगत नाहीत. मी मान खाली घालून लस भरत राहिलो.

सासूबाई गेल्या त्याला आता वर्ष होऊन गेलं. वर्षश्राद्धाला मी धुळ्याला गेलो होतो. पंक्ती उठल्या, लोक पांगले. अक्का पडवीत पाटावर बसली होती, केस पिकलेले, हाताला हळद लागलेली. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. फोटोपासून. तुझा हात बरोबर होता म्हणालो. वजन का उतरलं नाही ते सांगितलं. आणि त्या दिवशी मी खोटं बोललो म्हणालो.

तिने मला मधे अडवलं नाही. शेवटी विचारलं, "खोटं बोललास ते मला माहीतच होतं. पण तो वाटीशी बसून रडायचा तेव्हा त्याला खरंच भूक असायची?"

मला वाटत होतं ती माझ्या खोटं बोलण्याबद्दल विचारेल. 

"हो," मी म्हणालो.

"मला वाटायचं लाड करून घेतोय. तू म्हणाला होतास ना, लठ्ठ माणसाची भूक खोटी असते. मी तोंड फिरवून बसायचे. त्याला रागावायचे."

मी तसं म्हणालो होतो का ते मला आठवत नव्हतं. म्हणालो असेन.

तिने पदराने हात पुसले आणि आत हाक मारली, "अहो, जरा बाहेर या."

दाजी आले. आता कानाला यंत्र लावतात. त्यांना खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"यांना सांग," अक्का मला म्हणाली. "मला सांगितलंस ते."

मी परत सांगितलं, मोठ्याने, कारण त्यांना कमी ऐकू येतं. शेजारच्या दारातली बाई ऐकत थांबली. मी थांबलो नाही.

 दाजी म्हणाले, "आता याचा काय उपयोग? आई असताना सांगायचं होतंत."

"तेच," अक्का म्हणाली. माझ्याकडे न बघता. "त्या गेल्या, आणि त्यांच्यालेखी मीच त्याला मारलं."

तिने मला पाणीही विचारलं नाही. ती उठून उष्टी पानं गोळा करायला लागली. मी मदत करायला वाकलो तर म्हणाली, "राहू दे. करते मी." मी पायात चपला सरकवल्या आणि स्टँडकडे चालू लागलो.